दुसऱ्या व्हिडिओसोबतचं पत्र

प्रकल्पाचा व्हिडिओ सुधारून पाठवताना ‘सर, सगळं नीट केलंय’ एवढंच लिहिलं, तर सरांना तो पहिल्यापासून पाहावा लागतो. कोणती चूक, का झाली आणि बदल व्हिडिओत कुठे दिसेल, हे पत्रात हवं. साध्या लंबकाचा प्रयोग घ्या. विद्यार्थिनी लिहील:

‘आदरणीय सर, आधी मी लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली होती, ९८.५ सेंमी. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात, म्हणून १.५ सेंमी त्रिज्या मिळवून १०० सेंमी घेतली (१:४० पासून). २० आंदोलनांचे ४०.१ सेकंद तेच आहेत. g ९.६७ वरून ९.८२ मी/से² झाला. पंख्याच्या आवाजात निवेदन ऐकू येत नव्हतं, तेही पुन्हा रेकॉर्ड केलं.’

इथे चाणाक्ष सर थबकतील. वेळ मोजतानाही पंखा चालू होता का? वाऱ्याने गोळा एका रेषेत न झुलता गोल फिरू लागतो. तसं असेल तर नवा आवाज पुरणार नाही. पंखा बंद करून वेळही पुन्हा मोजावी लागेल आणि पत्रात नवा आकडा द्यावा लागेल.