फोटोखालच्या पाच ओळी

या वेळी इंग्रजी व्याकरणावर लिहितोय म्हणून पान उलटू नका. आपल्यातले पुष्कळजण आता नातवंडांकडे परदेशी जातात, फोटो काढतात आणि फेसबुकवर खाली दोन ओळी इंग्रजीत लिहितात. त्या दोन ओळींत काय बिघडू शकतं, ते मी ईडन प्रेरीला बहिणीच्या शेजारी बसून पाहिलं. वाचायला सोपं जावं म्हणून तिची इंग्रजी वाक्यं देवनागरीतच देतो.

ईडन प्रेरी हे मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला असलेलं गाव. माझी भाची तिथे राहते. या राज्याच्या मोटारींच्या नंबरपट्टीवरच 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं, त्यामुळे पाहुण्याला पहिल्या रविवारी तळ्यावर नेतात. आम्हालाही स्टेअरिंग लेकवर नेलं. ताई बाकावर बसली, भाचीने फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी ताईने तो स्वतः टाकला. खाली लिहिलं होतं:

'येस्टरडे वी हॅड गॉन टू द स्टेअरिंग लेक. इट वॉज व्हेरी ब्यूटिफुल लेक. वी सॅट फॉर अ अवर ऑन बेंच. माय हजबंड इज ऑलवेज लायकिंग द वॉटर. ही वुड बी व्हेरी हॅपी टू सी.'

संध्याकाळी खाली एक ओळ आली. ताईची चाळीतली जुनी शेजारीण, आता डिमोनाला असते, मधली बरीच वर्षं संपर्क नव्हता. तिने विचारलं होतं, 'मग भाऊजींना का नाही नेलंस गं? घरी एकटे ठेवलेस?'

माझे मेव्हणे जाऊन दोन वर्षं झाली आहेत.

ताई फोन उलटा ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, "काढून टाक तो फोटो. मला इंग्रजी येत नाही हेच खरं." मी ठाण्याला शाळेत पुष्कळ वर्षं इंग्रजी शिकवलंय. मी म्हटलं, "फोटो राहू दे. तू जे लिहिलंस ते शेजारणीने बरोबर वाचलं. आपण तुला म्हणायचं होतं ते लिहूया."

म्हणून शेवटच्या दोन वाक्यांपासून सुरुवात केली. 'इज लायकिंग' म्हटलं की माणूस आज आहे आणि आज त्याला ते आवडतंय. ताईच्या डोक्यात मराठी वाक्य होतं, 'ह्यांना पाणी नेहमी आवडायचं.' हे 'आवडायचं' म्हणजे भूतकाळातली सवय, आणि त्यासाठी इंग्रजीत साधा भूतकाळ पुरतो: 'माय हजबंड ऑलवेज लाइक्ड द वॉटर.' शिवाय लाइक, लव्ह, नो, वॉन्ट अशा मनातल्या क्रियापदांना सहसा 'इंग' लावत नाहीत, जिवंत माणसाबद्दलही नाही. आणि 'ऑलवेज'बरोबर 'इंग' आलं की बहुधा तक्रारीचा सूर लागतो. 'ही इज ऑलवेज शाउटिंग' म्हणजे सारखा ओरडत असतो मेला! ताई यावर जरा हसली.

शेवटचं वाक्य त्याहून नाजूक. 'ही वुड बी हॅपी टू सी' म्हणजे त्यांना बघायला मिळालं तर आनंद होईल. अजून शक्यता आहे, तिकीट काढलं की झालं. 'ही वुड हॅव बीन हॅपी टू सी इट' म्हणजे बघायला मिळालं असतं तर आनंद झाला असता, पण ते आता व्हायचं नाही. मराठीत आपण 'होईल' आणि 'झाला असता' यांत कधी चुकत नाही. इंग्रजीत हा सगळा फरक 'हॅव बीन' एवढ्या दोन शब्दांवर उभा आहे. शेजारणीला ते दोन शब्द दिसले नाहीत, म्हणून तिच्या लेखी भाऊजी घरी बसलेले. शेवटी 'इट' मात्र हवंच. मराठीत 'बघून आनंद झाला असता' म्हटलं की काय बघून ते समजतं. इंग्रजीतलं 'सी' इथे कर्म मागतं.

मग वर आलो. 'वी हॅड गॉन' ही आपल्या मराठी माणसाची अगदी खास चूक, आणि ती अज्ञानातून होत नाही, चांगल्या मराठीतून होते. 'काल तळ्यावर गेलो' एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो, गेलात मग काय झालं? 'गेलो होतो' म्हटलं की जाऊन आलो, गोष्ट पुरी. म्हणून आपण 'होतो'साठी 'हॅड' घालतो. पण इंग्रजीत हा 'हॅड' दोन गोष्टी घडलेल्या असताना त्यातली आधीची दाखवायला लागतो. 'द बस हॅड गॉन व्हेन वी रीच्ड द स्टॉप', म्हणजे आम्ही पोचण्याआधीच बस गेलेली. एकच गोष्ट असेल आणि 'येस्टरडे' आधीच म्हटलं असेल, तर 'वी वेंट' बस झालं. 'हॅव गॉन' तर नकोच. कालचा दिवस सांगितल्यावर ते बसत नाही, आणि 'शी हॅज गॉन टू पुणे' म्हणजे ती अजून पुण्यालाच आहे, परत आलेली नाही.

'इट वॉज'बद्दल भाची म्हणाली, "मामा, हे चूक नाहीये, इथेही असंच बोलतात." तिचं बरोबर. सहलीची आठवण सांगताना 'वॉज' चालतं. पण तळं जागेवरच आहे, म्हणून फोटोखाली मला 'इज' बरं वाटतं. वर्तमानपत्रात फोटोखालच्या ओळीतही, चित्रात दिसतंय ते वर्तमानकाळात लिहितात आणि मागची हकीकत भूतकाळात.

आता ते 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत हे नाहीतच, म्हणून आपण ते मीठ भुरभुरावं तसे कुठेही टाकतो. पण आपल्या समाजाला यातला एक तरी लहानपणापासून तोंडपाठ आहे. रोश हशाना म्हणतो ना आपण? रोश म्हणजे डोकं किंवा आरंभ, शाना म्हणजे वर्ष, आणि मधला 'ह' म्हणजेच इंग्रजीतला 'द'. मुंबईच्या आपल्या सगळ्यात जुन्या, 1796 सालच्या सिनेगॉगचं नाव शार हारहमीम, त्यातला 'हा' तोच. हाशेम म्हणजे 'ते नाव', कोणतं ते सांगायला लागत नाही. द म्हणजे एवढंच: ऐकणाऱ्याला कोणतं ते आधीच माहीत आहे. हिब्रूत 'अ'साठी मात्र वेगळा शब्द नाही, तिथे आपण मराठीसारखेच कोरे.

ताईला मी एकच प्रश्न शिकवला. नाम लिहिलंस की मनात शेजारणीला बोलू दे. ती 'कुठलं गं?' विचारील का? ज्या बाकाबद्दल तिला काही ठाऊक नाही, तो 'अ बेंच'. पुढे त्याच बाकाबद्दल लिहिलंस, तर तो 'द बेंच', कारण आता तिला तो माहीत झाला. 'व्हेरी ब्यूटिफुल लेक'च्या आधीही 'अ' हवा, कारण सुंदर तळी पुष्कळ, त्यातलं हे एक. मोजता येणारी एकटी वस्तू इंग्रजीत सहसा उघडी सोडत नाहीत.

'अ अवर' का चुकलं? ताईने शाळेतला नियम लावला होता: ए, ई, आय, ओ, यू आलं तर ॲन. 'अवर'चं स्पेलिंग एचने सुरू होतं, म्हणून तिने 'अ' घातला. पण नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे, आणि इथे आपली देवनागरी कामाला येते. शब्द कानाला ऐकू येतो तसा देवनागरीत लिहून बघा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन: ॲन अवर, ॲन अंब्रेला, ॲन एम.ए. व्यंजन आलं तर अ: अ बेंच, अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे रोड. युनिव्हर्सिटीचं स्पेलिंग यूने सुरू होत असलं तरी देवनागरीत 'य' दिसतो, प्रश्न मिटला.

राहिलं 'द स्टेअरिंग लेक'. तळ्याच्या नावाला द लागत नाही: स्टेअरिंग लेक, लेक मिशिगन, पवई लेक. नदीला मात्र लागतो. ईडन प्रेरीच्या दक्षिण हद्दीवरून वाहते ती 'द मिनेसोटा रिव्हर'. असं का, याला मला तरी पटेल असं कारण सापडलेलं नाही, पाठ करायचं. गावाला नाही: ठाणे, अलिबाग, ईडन प्रेरी. इथे ताईने विचारलं, "हे ईडन म्हणजे आपलं गन एदेनच ना?" तेच. नाव त्याच बागेवरून आहे आणि प्रेरी म्हणजे गवताळ माळ. पण बागेचं नाव इंग्रजीत 'द गार्डन ऑफ ईडन' आणि गावाचं नुसतं 'ईडन प्रेरी'. नावात मधे 'ऑफ' आला की पुढे बहुतेक वेळा 'द' येतो. 'द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका' त्यातलंच.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची नाही. 'येस्टरडे' लिहिलेला फोटो कोणी आठवड्याने बघितला, तर काल म्हणजे कधीचा? म्हणून 'ऑन संडे' केलं. दोन महिन्यांनीही कोणी बघणार असेल, तर तारीखच घालावी.

दुरुस्तीसाठी फोटो काढून टाकावा लागत नाही. फेसबुकवर आपल्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके असतात. ते दाबले की Edit post येतं, मजकूर बदलायचा आणि Save दाबायचं. खालच्या लोकांच्या ओळी आणि पसंत्या जागच्या जागी राहतात. मात्र जुना मजकूर पुरता पुसला जात नाही, त्याच ठिपक्यांमागे View edit history मध्ये तो दिसू शकतो. शिवाय ज्यांनी आधी वाचलं त्यांना आपण बदल केल्याची खबर जातेच असं नाही. म्हणून शेजारणीला वेगळं कळवणं भाग होतं.

ताईने चष्मा लावला आणि एका बोटाने सगळं पुन्हा लिहिलं:

'ऑन संडे वी वेंट टू स्टेअरिंग लेक. इट इज अ व्हेरी ब्यूटिफुल लेक. वी सॅट फॉर ॲन अवर ऑन अ बेंच. माय हजबंड ऑलवेज लाइक्ड द वॉटर. ही वुड हॅव बीन व्हेरी हॅपी टू सी इट.'

शेजारणीच्या प्रश्नाखाली मात्र तिने मराठीत लिहिलं, 'हे दोन वर्षांपूर्वी गेले गं. तुला कळवायचं राहून गेलं.' डिमोनाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. आमच्याकडे रात्री झोपायच्या वेळेला उत्तर आलं. आधी 'बारूख दयान हाएमेत', आणि खाली, 'उद्या सकाळी फोन करते, उचल.'