मुलाखत पंधरा मिनिटांची, अभिप्राय दहा मिनिटांचा

अभियांत्रिकीचं सातवं सत्र सुरू होण्याच्या सुमारास महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक यादी लागते. डाव्या बाजूला रोल नंबर, मग वेळ, मग पॅनल क्रमांक आणि खोली. खाली चार ओळी असतात: बायोडेटाच्या दोन प्रती आणाव्यात, वीस मिनिटं आधी हजर राहावं, फॉर्मल पोशाख सक्तीचा, अनुपस्थितांना पुन्हा संधी मिळणार नाही. यादीभोवती गर्दी होते, मोबाइलवर फोटो निघतात आणि पुढचे दोन दिवस चर्चा चालते ती बहुतेक शर्टाच्या रंगाची आणि प्रश्न काय विचारतील याची. ही सराव मुलाखत खरी उपयोगी पडणार की नुसतीच उरकली जाणार, हे मात्र त्या यादीतल्या एका रकान्यावरून आधीच सांगता येतं. तो रकाना म्हणजे वेळेचा.

हिशेब मांडून बघू. एका तुकडीत साठ विद्यार्थी आहेत आणि तीन पॅनल मिळाली आहेत. दहा ते पाच हे सात तास. त्यातून जेवणाचा एक तास आणि चहाचे दोन पाव तास वजा केले की एका पॅनलच्या हाती साडेपाच तास राहतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली तर एक पॅनल बावीस जणांना घेतं, तीन पॅनल मिळून सहासष्ट. एका शनिवारात सगळी तुकडी संपते. प्लेसमेंट विभागाला हा हिशेब मोहात पाडतो, कारण बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांचा एकच दिवस मागावा लागतो.

पण पंधरा मिनिटांत मुलाखतच बारा-तेरा मिनिटं खाते. पॅनलवरचा एखादा सदस्य रंगात येतो, एक प्रश्न जास्त विचारतो आणि प्रत्येकामागे तीन मिनिटं वाढतात. दहा जण झाले की अकरावा अर्धा तास मागे पडलेला असतो. आता उशीर भरून काढायचा कुठून? प्रश्न कमी करावेत असं कोणाला वाटत नाही. कात्री लागते ती शेवटच्या बोलण्याला. ‘छान होतं, थोडा आत्मविश्वास वाढव, इंग्रजीवर काम कर, पुढच्याला पाठव.’ विद्यार्थी बाहेर येतो तेव्हा आपलं काही तरी कमी पडलं एवढंच त्याला कळलेलं असतं. नेमकं काय, ते कळलेलं नसतं.

म्हणून वेळापत्रक उलट्या बाजूने बांधावं लागतं. आधी अभिप्रायाची दहा मिनिटं बाजूला काढायची. मुलाखतीला पंधरा. मधली तीन मिनिटं पॅनलने गप्प बसून आपापलं निरीक्षण लिहायला, आणि दोन मिनिटं एकाने जाऊन दुसऱ्याने येऊन बसायला. एकूण अर्धा तास. मग एका पॅनलकडे दिवसाला अकरा विद्यार्थी होतात, तीन पॅनलचे तेहेतीस, आणि साठ जणांना दोन शनिवार लागतात. दोन दिवसांत जागा सहासष्टच, म्हणजे सहा शिल्लक. या सहा जागांकडे पुढे यावं लागेल.

शनिवारच का, यालाही कारण आहे. पॅनलवर ज्यांचा सर्वांत जास्त उपयोग होतो ते तीन-चार वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले माजी विद्यार्थी असतात, आणि आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांना बहुधा शनिवारी सुट्टी असते. ही मुलं स्वतः अलीकडेच त्या खुर्चीवर बसलेली असतात. आज कंपनीत पहिल्या फेरीला काय विचारतात हे त्यांना ताजं माहीत असतं. त्यांच्या जोडीला मनुष्यबळ विभागात काम केलेली एक व्यक्ती आणि विषय जाणणारा एक प्राध्यापक, असं तिघांचं पॅनल पुरतं. पाच जण बसवले तर विद्यार्थी दबतो आणि बोलायला प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात.

प्राध्यापक निवडताना एक पथ्य पाळावं. तो त्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक नसावा. मार्गदर्शकाला प्रकल्प पाठ असतो, त्यामुळे विद्यार्थ्याने अर्धवट सांगितलेलं तो मनातल्या मनात पूर्ण करून घेतो. शिवाय तीन वर्षांची ओळख गुणांत उतरते. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा त्याला आढळलं की शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांना संशय यावा इतके चिकटून चालतात. एकदा माणूस चांगला वाटला की सगळ्याच रकान्यांत चांगला. पॅनलने आपसात बोलण्याआधी तीन मिनिटं गप्प बसून लिहायचं ते याचसाठी. एकाने ‘मस्त बोलला ना’ म्हटलं की बाकीच्या दोघांची पेन्सिल त्याच दिशेने सरकते.

आता त्या दहा मिनिटांत काय व्हायला हवं ते एका उदाहरणातून पाहू. समजा इलेक्ट्रॉनिक्सची एक विद्यार्थिनी खुर्चीवर आहे. बायोडेटात प्रकल्प लिहिला आहे: मातीतला ओलावा मोजून पंप आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा. मुलाखत इंग्रजीत चालली आहे. प्रकल्पाबद्दल विचारल्यावर ती पाठ केलेला परिच्छेद म्हणते: आम्ही सेन्सर जोडला, आम्ही कोड लिहिला, आम्ही चाचणी घेतली. पॅनलवरची माजी विद्यार्थिनी विचारते, कोरड्या मातीत रीडिंग किती यायचं? मुलगी थांबते, हसते, ‘सॉरी मॅडम’ म्हणते. पुढची चार उत्तरं त्या ‘सॉरी’च्या सावलीत जातात.

इथे ‘आत्मविश्वास कमी आहे’ असं सांगणं सोपं आहे आणि ते खोटंही नाही. पण त्याने तिच्या हाती काही पडत नाही. उलट नुकसान होऊ शकतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली अभिप्रायावरचे कित्येक दशकांचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. त्यांची मीमांसा अशी की अभिप्राय माणसाचं लक्ष कामावरून उचलून स्वतःकडे, आपण कसे आहोत या प्रश्नाकडे नेतो, तेव्हा तो परिणाम गमावतो. ‘तू घाबरट आहेस’ या अर्थाचं वाक्य ऐकून मुलगी पुढच्या वेळी आपण घाबरतोय का यावरच नजर ठेवून बसेल.

त्याऐवजी पॅनलने टिपलेलं सांगावं. ‘तू दोन मिनिटांत सात वेळा आम्ही म्हणालीस. त्यात तुझं काम कोणतं?’ हा प्रश्न मराठीत विचारावा. मुलाखत इंग्रजीत घेणं योग्यच आहे, कारण कंपनी इंग्रजीतच घेणार. पण अभिप्राय विद्यार्थ्याच्या भाषेत दिला की गाठ पटकन सुटते. मुलगी सांगू लागते: सेन्सरचा भाग माझा होता. आधी दोन काट्यांचा स्वस्त सेन्सर आणला, तो काही आठवड्यांत ओल्या मातीत गंजला आणि रीडिंग भलतंच येऊ लागलं. काट्यांतून सतत वीज वाहिल्याने धातू झिजतो हे नंतर कळलं. मग धातू उघडा न ठेवणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घेतला आणि कोरड्या-ओल्या मातीचे आकडे वहीत उतरवून पंपाची मर्यादा ठरवली.

पॅनलला हवं होतं ते सगळं तिच्याकडे होतंच. पाठ केलेल्या परिच्छेदात तेवढं नव्हतं. आता तिला तिथेच, त्याच खुर्चीवर, हे चार वाक्यांत इंग्रजीत पुन्हा सांगायला लावायचं: अडचण काय होती, माझं काम काय, मी काय केलं, फरक काय पडला. इंग्रजी मोडकं आलं तरी चालेल. दहातली तीन मिनिटं या दुसऱ्या प्रयत्नासाठी राखलेली असावीत, कारण चूक कळणं आणि दुरुस्ती तोंडात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडा आठवला नाही तर ‘सॉरी’ऐवजी काय म्हणायचं हेही तेव्हाच ठरतं: नेमका आकडा आत्ता आठवत नाही, पण तो कसा काढला ते सांगते.

पोशाखाबद्दल सूचनापत्रात ‘फॉर्मल’ हा एकच शब्द लिहून महाविद्यालयं मोकळी होतात आणि घरी खर्चाची धावपळ सुरू होते. वास्तविक फिकट रंगाचा साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गडद पँट, बंद बूट आणि बुटाशी जुळणारा पट्टा एवढ्यात मुलांचं भागतं. टाय आणि ब्लेझर लागत नाहीत. मुलींना साधा सलवार-कुर्ता, शर्ट-पँट किंवा सवय असेल तर साडी, तिन्ही चालतं. ओढणी पिन केलेली असली की हात मोकळे राहतात. ज्या महाविद्यालयात गणवेश आहे तिथे इस्त्री केलेला गणवेश पुरेसा आहे, हे सूचनेत स्पष्ट लिहिलं तर कित्येक घरांचा खर्च वाचेल.

खरी अडचण नव्या कपड्यांची असते. पाकिटातून काढलेल्या शर्टावर घडीच्या रेघा राहतात, नवे बूट टाच सोलतात आणि मुलगा मुलाखतभर पायाकडे लक्ष ठेवून बसतो. बूट आठवडाभर आधीपासून घालावेत, आणि सगळा पोशाख अंगावर चढवून घरच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसून बघावं. उभं राहून आरशात चांगला दिसणारा शर्ट बसल्यावर पोटाशी ताणला जातो हे तेव्हाच कळतं. फेरी ऑनलाइन असेल तर बारीक रेघांचा शर्ट टाळावा, कॅमेऱ्यात त्या रेघा लवलवतात. पॅनलने मात्र पोशाखाला वेगळे गुण देऊ नयेत. काही खटकलं तर ते शेवटी, एकट्याला, एका वाक्यात सांगावं.

वेळा वाटण्यातही थोडा विचार लागतो. सकाळी दहाची वेळ एसटीने चाळीस किलोमीटरवरून येणाऱ्याला दिली आणि पहिली गाडी चुकली की तो घामाघूम होऊन शेवटी पोचतो. पहिल्या दोन वेळा वसतिगृहातल्यांना द्याव्यात. साडेचारची शेवटची वेळही जोखमीची असते, कारण तोवर पॅनल थकलेलं असतं. चहा सव्वाचारला ठेवला तर थोडं सावरतं.

सराव कसा झाला हे तपासायला मुलांना विचारण्याचीही गरज नाही. साठही अभिप्रायपत्रं एका बैठकीत वाचावीत. चाळीस पत्रांवर ‘संवादकौशल्य सुधारावे’ हेच वाक्य असेल आणि गुण सगळ्यांना दहापैकी सहा किंवा सात असतील, तर पॅनलने माणसं पाहिली नाहीत, कागद भरले. प्रत्येक पत्रावर त्या विद्यार्थ्याच्या तोंडचा एखादा शब्द किंवा एखादं उत्तर उतरवलेलं सापडलं तर काम झालं. त्याखाली एकच बदल आणि तो दाखवायची तारीख एवढं पुरतं.

ती तारीख एक-दोन आठवड्यांनंतरची असावी आणि पहिल्या कंपनीच्या आधीची. शिल्लक राहिलेल्या सहा जागा तिथे कामी येतात. पहिला दिवस संपताच पत्रं वाचली की कोण पार अडकलं ते दिसतं. त्यांना दुसऱ्या शनिवारी पुन्हा बोलवायचं, वेगळ्या पॅनलसमोर, पण आधीचं पत्र त्या पॅनलच्या हातात देऊन. आणि ‘अनुपस्थितांना पुन्हा संधी नाही’ ही ओळ सूचनेतून काढून टाकावी. जो आला नाही तो बहुतेकदा इंग्रजीच्या धास्तीने आलेला नसतो. त्याला विभागातल्या शिक्षकांनी फोन करून सहापैकी एक वेळ द्यावी आणि पहिली पाच मिनिटं मराठीत बोलायची मुभा आहे, हे तेव्हाच सांगावं.