कर्जाचे व्याज आणि कंपनीचे मूल्य

कंपनीने भांडवल भागधारकांकडून घेतले की कर्जाने उभारले, यावर तिचे एकूण मूल्य ठरत नाही, असे फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ मध्ये दाखवले. मात्र कर आणि दिवाळखोरीचा खर्च नाही, असे त्यांनी धरले होते. मूल्य येते धंद्याच्या कमाईतून. कर्ज फक्त तिची वाटणी बदलते. कर्ज स्वस्त दिसते खरे, पण ते वाढले की भागधारकांची जोखीम वाढते आणि ते जास्त परतावा मागतात.

कंपनीवर कर लागला की हिशेब बदलतो, कारण व्याज करपात्र नफ्यातून वजा होते, लाभांश होत नाही. समजा, व्याज आणि करापूर्वीचा वार्षिक नफा १०० लाख रुपये आहे आणि कर २५ टक्के. कर्ज नसेल तर कर २५ लाख. १० टक्के व्याजाचे ४०० लाखांचे कायमचे कर्ज असेल, तर ४० लाख व्याज वजा जाऊन उरलेल्या ६० लाखांवर १५ लाख कर पडतो. दरवर्षी १० लाख वाचतात. या बचतीची जोखीम कर्जाइतकीच मानली, तर तिचे आजचे मूल्य १०० लाख, म्हणजे कर्ज गुणिले कराचा दर. ही दुरुस्ती दोघांनी १९६३ मध्ये मांडली.

तोट्याच्या वर्षी मात्र वाचवायला करच नसतो. व्याज तेव्हाही भरावे लागते.