शून्य नेमकं कुठून आलं?

डायान लॅम्बर्ट यांनी 1992 साली सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगमधल्या दोषांच्या आकड्यांचं विश्लेषण मांडलं, तेव्हा त्यांत बहुतेक शून्यंच होती. मोजणीच्या आकड्यांसाठी नेहमी वापरलं जाणारं पॉयसाँ वितरण इथे तोकडं पडतं.

का, ते पाहू. समजा, 1000 बोर्डांपैकी 700 बनताना यंत्र अगदी बिनचूक होतं. दोष संभवतच नव्हता. उरलेल्या 300 वर सरासरी 2 दोष. पण पॉयसाँच्या हिशेबाने त्यातलेही सुमारे 41 बोर्ड निव्वळ योगायोगाने निर्दोष निघतात. एकूण शून्यं 741. सगळ्यांची सरासरी 0.6 धरून साधं पॉयसाँ लावलं, तर शून्यं 549 च येतात.

लॅम्बर्ट यांचं झीरो-इन्फ्लेटेड मॉडेल ही दोन प्रकारची शून्यं वेगळी धरतं, मात्र अमुक बोर्ड कोणत्या गटातला हे दिसत नाही; फक्त शक्यता काढता येते.

हर्डल मॉडेलमध्ये शून्य एकाच प्रकारचं. वर्षात डॉक्टरकडे किती खेपा झाल्या? जावं की नाही, हे रुग्ण ठरवतो. एकदा उंबरठा ओलांडला की पुढच्या खेपा बऱ्याचदा डॉक्टर ठरवतात. म्हणून पहिला भाग हो-नाहीचा, दुसरा फक्त एक आणि त्यापुढच्या आकड्यांचा. शून्यं अपेक्षेपेक्षा कमी असली, तरी हे चालतं.

पंचाईत अशी, की दोन्ही मॉडेल्स आकड्यांशी बहुधा सारखीच जुळतात. तेव्हा निवड संगणकावर सोडू नका. मोजणी करणाऱ्याला आधी विचारा, इथे शून्य किती तऱ्हांनी येऊ शकतं?