दहा लिटरमध्ये एक एकर

फवारणीचा ड्रोन पहिल्यांदा शेतावर येतो तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दोन गोष्टी पटत नाहीत. यंत्र उडते, वळते, परत येते, हे तो बाकीच्यांसारखेच पाहतो. त्याची नजर मात्र टाकीवर खिळलेली असते. एवढ्याशा पाण्यात एकर कसा भिजेल, आणि त्या एवढ्याशा पाण्यात इतके औषध कशाला, हे त्याचे दोन प्रश्न. दोन्ही रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच हिशेबात दडलेले आहे.

उदाहरणादाखल वाशीम भागातली दोन एकर तूर घेता येईल. डिसेंबर महिना, झाडे माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली, निम्म्या फांद्या फुलांवर आणि खाली शेंगा धरू लागलेल्या. शेंगा पोखरणारी अळी दिसू लागली आहे. पंप पाठीवर घेऊन अशा तुरीत शिरायचे म्हणजे फांद्या बाजूला सारत, डोक्यावर उडणारे तुषार अंगावर घेत चालायचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा अशाच उंच, दाट पराटीतल्या फवारणीची चर्चा झाली होती. ड्रोन बोलावण्यामागे वेळ आणि मजुरी ही कारणे असतातच, पण उंच पिकात माणूस शिरत नाही हे त्यांतले सर्वांत ठोस कारण आहे.

ड्रोन सकाळी लवकर गावात पोचला तरी लगेच उडत नाही. आधी पायलट रिमोट घेऊन शेताच्या कडेने फिरतो आणि कोपरे नोंदवतो. विहीर, बांधावरचे कडुनिंब, वरून गेलेली विजेची तार यांच्या जागाही टिपून घेतल्या जातात. या नोंदीवरून यंत्र स्वतःचे पट्टे आखते: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वळण, मग शेजारचा पट्टा, नांगराच्या तासांसारखे. पायलटकडे प्रमाणपत्र असावे लागते. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार दहा लिटर टाकीचे असे यंत्र भरलेल्या वजनासह साधारणपणे २५ किलोच्या आतल्या गटात बसते, आणि ते चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण लागते.

मग वाट पाहणे. तुरीच्या पानांवर दव असते आणि ओल्या पानावर पडलेला बारीक थेंब दवाबरोबर ओघळून जातो. धुके असताना वारा अगदी पडलेला असतो, आणि शेतकऱ्याला वाटते हीच खरी फवारणीची वेळ. पंपासाठी ते चालून जाते, ड्रोनसाठी नाही. अशा थिजलेल्या हवेत जमिनीलगतचा थर थंड आणि वरचा उबदार असतो. बारीक तुषार त्यात अडकून तरंगत राहतात आणि कुठे जाऊन बसतील याचा नेम नसतो. शेजारी रेशमाची तुती असेल तर हा प्रकार महागात पडतो. दव सुकले आहे, हलकीशी झुळूक आहे, पण फांद्या डोलत नाहीत, अशी वेळ हवी. वारा सेकंदाला तीन मीटरच्या वर गेला की थांबायचे. डिसेंबरात ही वेळ दोन-तीन तासच मिळते. नंतर तुरीच्या फुलांवर मधमाश्याही वाढतात.

खरी गंमत औषध कालवताना होते. या अळीसाठी क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे औषध सर्रास वापरले जाते. त्याची शिफारस शेतकऱ्याला पाठ असते: दहा लिटर पाण्याला ३ मिली. एकराला दोनशे लिटर पाणी लागते, म्हणजे पाठीवरच्या सोळा लिटरच्या पंपाचे बारा-तेरा भरे, आणि औषध होते ६० मिली. ड्रोनची टाकीही दहा लिटरचीच. शेतकरी सवयीने ३ मिली मोजायला पुढे होतो, आणि पायलट एकाच टाकीत ६० मिली ओततो. झाडे जळतील ही शेतकऱ्याची पहिली शंका असते. ती वेडगळ नाही, कारण पाण्यातले औषधाचे प्रमाण खरोखरच वीसपट झालेले असते.

पण झाडाला पाण्यातल्या प्रमाणाशी देणे-घेणे नसते. एकरभर पानांवर एकूण किती औषध उतरले, याच्याशी असते. पंपाने ६० मिली औषध दोनशे लिटर पाण्यातून पसरते, ड्रोनने तेच ६० मिली दहा लिटरमधून. कमी झाले ते पाणी. मात्रा एकराला मोजायची असते, टाकीला नव्हे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ‘पंपाला किती’ असा हिशेब करणाऱ्या हाताला हे वळण अवघड जाते. उलटी चूक जास्त घातक आहे. ड्रोनच्या टाकीत ३ मिली घातले तर एकरात औषधाचा विसावा भाग पडतो, अळी मरत नाही, आणि दोष यंत्राला किंवा औषधाच्या कंपनीला दिला जातो. ‘ड्रोनने काही होत नाही’ या तक्रारीमागे कितीदा हाच घोळ असतो, ते टाकी भरताना पाहिल्याशिवाय कळत नाही.

दाट द्रावणाचे काही धोके मात्र खरे आहेत. पंपात औषधासोबत टॉनिक, विद्राव्य खत, दुसरे एखादे बुरशीनाशक असे सगळे एकत्र कालवायची पद्धत आहे. दोनशे लिटरमध्ये ते निभावते. दहा लिटरमध्ये तीच मिसळ फाटते, गाळ धरते किंवा नोझल तुंबवते, आणि कधी पानांवर चट्टेही पाडते. म्हणून मिसळायचेच असेल तर आधी त्याच प्रमाणात बाटलीभर कालवून अर्धा तास ठेवून पाहतात. आणखी एक गोष्ट बांधावरून नीट दिसत नाही. फवारताना माणूस दूर राहिला तरी दाट औषध हाताळणारा कोणीतरी असतोच, आणि धोका आता त्या एका माणसाकडे गोळा होतो. हातमोजे आणि चष्मा तिथे लागतात.

यंत्र उडते तेव्हा धूळ उठते, म्हणून त्याला ताडपत्रीवर किंवा टणक जागेवर ठेवलेले असते. मग ते तुरीच्या शेंड्यांपासून दोन-अडीच मीटरवर येते आणि पट्ट्यांत जाऊ लागते. खाली बघणाऱ्या रडारमुळे झाडे उंचसखल असली तरी अंतर कायम राहते. वेग सेकंदाला चार मीटर आणि पट्टा चार मीटर रुंद धरला तर दर सेकंदाला सोळा चौरस मीटर उरकतात. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा नुसती फवारणी चार-सव्वाचार मिनिटांची होते आणि वळणे धरून सहा-सात मिनिटांची. टाकी संपली की यंत्र आपणहून परत येते. ती भरून, गरज असेल तर बॅटरी बदलून ते पुन्हा सोडले, की जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू करते. दोन एकराला दोन टाक्या लागतात.

पंख्यांखालून जाणारा वारा फांद्या दाबतो, पाने उलटीसुलटी करतो आणि थेंबांना आत ढकलतो. ड्रोनचा निम्मा गुण या वाऱ्यात आहे. फार वरून उडवले तर तो वारा वाटेतच विरतो आणि तुषार बाजूला भरकटतात, फार खालून उडवले तर फांद्या झोडपल्या जातात आणि पट्टाही अरुंद होतो.

फवारणी संपल्यावर शेतकरी आत शिरून पानाला बोट लावतो. पान कोरडेच लागते. पंपाने फवारले की पानावरून पाणी ठिबकते आणि ठिबकले म्हणजे औषध बसले, ही त्याची खूण असते. ती खूण इथे उपयोगाची नाही. दहा लिटर एकरभर पसरले म्हणजे चौरस मीटरला अडीच मिलीलिटर, अर्धा चमचा. पण तो अर्धा चमचा मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढ्या थेंबांत फोडला तर त्याचे सुमारे सहा लाख थेंब होतात, म्हणजे जमिनीच्या मापाने चौरस सेंटीमीटरला साठेक. पानांचे क्षेत्र जमिनीहून बरेच जास्त असल्याने प्रत्येक पानाच्या वाट्याला त्याहून कमी येतात, तरी कीटकनाशकाला वीस-तीस थेंब पुरेसे मानले जातात. थेंबाचा व्यास निम्मा केला तर संख्या आठपट होते. मोह होतो तो इथेच, पण इतके बारीक थेंब खाली उतरण्याआधीच वाळतात किंवा वाऱ्याबरोबर शेजारच्या वावरात जातात.

डोळ्याला हे दिसत नसल्याने एक साधी युक्ती आहे. पाणी लागले की निळा पडणारा पिवळा कागद मिळतो. त्याच्या पट्ट्या झाडाच्या शेंड्याला, मध्ये आणि बुंध्याजवळ टाचणीने लावतात. फवारणीनंतर शेंड्याच्या पट्टीवर निळ्या ठिपक्यांची गर्दी असते, मधल्या पट्टीवर ठिपके विरळ होतात आणि बुंध्याजवळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहतात. दवाने किंवा घामाच्या हातानेही कागद निळा होतो, एवढे सांभाळावे लागते.

या तीन पट्ट्यांतून ड्रोन कुठे चालतो आणि कुठे नाही, ते कळते. तुरीतली ही अळी फुले आणि शेंगा खाते, आणि त्या झाडाच्या वरच्या घेरात असतात. जिथे कीड तिथेच औषध, म्हणून तूर हे ड्रोनला सोयीचे पीक आहे. पराटीतली पांढरी माशी दाट पानांच्या खालच्या अंगाला बसते. तिथे तीच फवारणी अपुरी ठरू शकते, आणि अशा वेळी पाणी वाढवावे लागते किंवा पंपच बरा. तूर सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतलेली असेल तर वेगळीच अडचण येते. सोयाबीन काढल्यावर तुरीच्या ओळींमध्ये मोकळी जमीन राहते आणि चार मीटरचा पट्टा तिच्यावरही औषध टाकत जातो. अशा शेतात एकरी ६० मिलीतला बराच भाग मातीत जातो, आणि हिशेब करताना कोणी ते धरत नाही.

दुसऱ्या दिवशी शेतकरी पुन्हा तुरीत जातो आणि अळ्या जिवंत दिसतात. हे औषध अळीचे स्नायू निकामी करते. ती काही तासांत खाणे थांबवते, पण मरायला दोन-तीन दिवस लागतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी अळीकडे न पाहता तिच्या शेजारच्या शेंगेकडे पाहायचे, भोक ताजे आहे का आणि त्यात ताजी विष्ठा आहे का. चौथ्या दिवशी शेताच्या वेगवेगळ्या भागांतली दहा-दहा झाडे निवडून अळ्या मोजल्या तर फवारणी कशी झाली ते कळते.

या मोजणीत एखादी ओळ हमखास वेगळी निघते. विजेच्या तारेखाली आणि कडुनिंबाच्या भोवती यंत्राने मुद्दाम जागा सोडलेली असते, आणि अळ्या तिथे पहिल्यासारख्याच असतात. एवढ्या पट्ट्यासाठी घरातला पंप पुन्हा काढावा लागतो, आणि त्यात औषध घालताना दहा लिटरला ३ मिली हाच जुना हिशेब लागू होतो.