विसर्जनाची मिरवणूक शेवटी

किल्लारीचा १९९३चा भूकंप सरावाला दिला, की पत्रकारितेचा नवा विद्यार्थी सहज गणेश विसर्जनापासून सुरुवात करतो: मिरवणूक संपली, गाव झोपलं, मग जमीन हादरली. गोष्ट म्हणून छान, पण माणसं दगावल्याचं चौथ्या वाक्यात कळतं!

पुनर्लेखनात क्रम उलटतो. ‘लातूर, उस्मानाबाद जिल्ह्यांत गुरुवारी पहाटे ३.५६ वाजता झालेल्या भूकंपात हजारो लोक ठार झाले.’ जीवितहानीचं प्रमाण हे इथलं सर्वांत मोठं बातमीमूल्य, म्हणून ते आधी. मग कोसळलेली दगडमातीची घरं, मदतकार्य. विसर्जन तळाला; कारण जागा कमी पडली, की उपसंपादक बातमी खालून कापतो. हाच उलटा पिरॅमिड.

मथळा? ‘निसर्गाचा कोप’ हा पुरालाही चालेल. ‘लातूर-उस्मानाबादेत भूकंप; हजारो ठार’ यात ठिकाण, घटना, परिणाम तिन्ही आहेत.