रक्तदाब मोजण्याआधीचा अर्धा तास

रक्तदाब दिवसभर एकसारखा कधीच नसतो. जेवण, आंघोळ, चालणे, चहा, तंबाखू या प्रत्येक गोष्टीने तो काही काळ वर जातो किंवा खाली येतो. डॉक्टरांना मात्र शरीर स्वस्थ असतानाचा आकडा हवा असतो, कारण औषध सुरू करायचे की नाही, गोळी वाढवायची की कमी करायची, हे त्यावर ठरते. म्हणून मोजणीआधी किमान अर्धा तास खाऊ नये, चहा-कॉफी पिऊ नये, व्यायाम करू नये आणि विडी-सिगारेट ओढू नये, असे रक्तदाबावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकात या यादीत आंघोळही असते. हा अर्धा तास झाल्यावर लघवीला जाऊन यायचे आणि पाच मिनिटे शांत बसायचे, मग यंत्राचे बटण दाबायचे.

नियम सोपा आहे, पण सगळ्या गोष्टींना तो सारखा लागू पडत नाही. काहींचा परिणाम अर्ध्या तासात बहुतांशी ओसरतो, तर काहींचा तेव्हा कुठे रंगात आलेला असतो.

धूम्रपानाला अर्धा तास साधारणपणे पुरतो. सिगारेटमधले निकोटिन काही सेकंदांत रक्तात पोहोचते, त्याने अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके सुटतात, नाडी जलद होते आणि रक्तवाहिन्या आकसतात. वरचा आकडा चांगलाच चढतो आणि मग हळूहळू उतरतो. तोंडात धरलेल्या तंबाखूचे तसे नाही. हिरडीतून निकोटिन सावकाश पण बराच वेळ झिरपत राहते, त्यामुळे बार थुंकून अर्धा तास झाला तरी त्याचा अंमल शिल्लक असू शकतो. महाराष्ट्रात अनेक बायका सकाळी मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ही पूड त्यांच्या लेखी दात घासण्याची असते, व्यसनाची नसते. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. अशा वेळी मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे लागते, आणि मोजणी मिश्री लावण्याआधी केलेली बरी.

चहा-कॉफीतल्या कॅफिनचा जोर साधारण अर्ध्या ते एक तासाने शिगेला पोहोचतो आणि नंतरही दोन-तीन तास राहू शकतो. म्हणजे नियमातला अर्धा तास इथे अपुराच आहे. रोज ठरलेला चहा घेणाऱ्याच्या शरीराला त्याची सवय झालेली असते, त्यामुळे आकड्यात पडणारा फरक कमी असतो. क्वचित कॉफी घेणाऱ्याच्या बाबतीत तो जास्त दिसतो.

तंबाखू आणि कॅफिन आकडा वाढवतात. जेवण, गरम पाण्याची आंघोळ आणि व्यायाम झाल्यानंतर तो बहुतेकदा उतरतो, आणि खरी फसगत इथे होते. वाढलेला आकडा दिसला की माणूस घाबरून पुन्हा मोजतो. कमी आकडा दिसला की समाधानाने वहीत लिहून टाकतो.

जेवणानंतर पचनासाठी आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. तरुण, निरोगी माणसाचे हृदय थोडे जलद चालते, इतर रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि दाब सांभाळला जातो. वय झालेल्यांत, जुन्या मधुमेहात किंवा पार्किन्सनच्या आजारात ही भरपाई नीट होत नाही. काहींचा वरचा आकडा जेवणानंतरच्या दोन तासांत २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक घसरतो. ही घसरण बऱ्याचदा अर्ध्या ते एक तासाने सर्वाधिक असते, म्हणजे नियम पाळून नेमके अर्ध्या तासाने मोजणारा माणूस खड्ड्याच्या तळाशीच पट्टा बांधतो. भात-पोळी-गोडाचे भरपेट जेवण झाले असेल, तर दोन तास थांबणे शहाणपणाचे.

कढत पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो. गार पाण्याने त्या आकसतात आणि दाब चढतो. बादलीभर कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर अर्धा तास पुरेसा ठरावा. जपानमध्ये रात्री कढत पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसण्याची रीत आहे, आणि तिथे झोपण्यापूर्वी घेतलेले आकडे त्या आंघोळीमुळे कमी येतात, असे आढळले आहे.

व्यायाम चालू असताना वरचा आकडा सहज १६० च्या पुढे जातो. थांबल्यावर तो झपाट्याने खाली येतो आणि पुढे कित्येक तास नेहमीपेक्षा काही मिलिमीटर कमीच राहतो. तब्येतीला हे चांगलेच; पण तो आकडा अर्धा तास थांबूनही ‘स्वस्थ’ आकडा होत नाही. व्यायामाआधी मोजणे हाच त्यावर उपाय आहे.

समजा, बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ सकाळी सहाला उठतात, पाऊण तास फिरून येतात, आंघोळ करतात, रक्तदाबाची गोळी घेतात, आठला पोहे आणि चहा घेतात आणि साडेआठला वर्तमानपत्र बाजूला ठेवून पट्टा बांधतात. यंत्र १२४/७८ दाखवते. या आकड्यात फिरण्याची, आंघोळीची, पोह्यांची आणि गोळीची घट आहे आणि चहाची वाढ आहे; कुणाचा वाटा किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तेच गृहस्थ उठल्यावर लघवीला जाऊन येऊन, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात टेबलावर छातीच्या उंचीला धरून पाच मिनिटे न बोलता बसले आणि मग मोजले, तर १४६/८८ निघू शकते. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर दाब वाढलेला मानतात. म्हणजे पहिल्या आकड्यावर औषध बरोबर चालले आहे असे वाटेल, दुसऱ्यावर ते कमी पडते आहे असे.

या गृहस्थांना कुठल्याही घड्याळी हिशेबाची गरज नाही, फक्त क्रम बदलायचा आहे. सकाळी उठल्यावर तासाभरात, चहा, गोळी, फिरणे आणि न्याहारी या सगळ्यांच्या आधी मोजायचे. संध्याकाळी रात्रीच्या जेवणाआधी मोजायचे. त्याच सुमारास चहा किंवा फेरफटका झाला असेल, तर त्यानंतर पुरेसा वेळ जाऊ द्यायचा. दोन्ही वेळा एकेक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. डॉक्टरांना भेटण्याआधी सात दिवस असे केले, की पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढतात.

दवाखान्यात ही सोय नसते. जिना चढून आलेल्या, बाहेर नुकताच चहा घेतलेल्या माणसाने ते पट्टा बांधण्याआधीच सांगावे आणि थोडे बसू द्यायला सांगावे. लघवी तुंबलेली असेल, तर आधी जाऊन यावे. तिच्यामुळेही आकडा दहा-पंधरा मिलिमीटरने चढू शकतो.

दोन प्रसंगी मात्र थांबायचे नसते. जेवणानंतर गरगरत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने मुद्दाम मोजून दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवावेत. तिथे घसरण हाच शोधायचा विषय असतो. आणि छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे असे काही झाले, तर अर्धा तास मोजत न बसता थेट रुग्णालय गाठायचे.